तिसरा परिच्छेद

‘आदरणीय सर, सादर प्रणाम. आपल्या आशीर्वादाने परदेशी विद्यापीठात एलएलएमसाठी अर्ज करत आहे. शोधनिबंधाचे मार्गदर्शक म्हणून आपले शिफारसपत्र मिळावे, ही नम्र विनंती.’

सकाळचा जप आटोपून मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा मन शांत होतं. शांत होतं म्हणजे राग गेला होता असं नाही. दोन वर्षांत तो चांगला मुरला होता.

‘ऐकून न घेता दिलेला निकाल’ हा माझा शेवटच्या वर्षाचा शोधनिबंध. चाळीस पानं. न्यायाधिकरणाच्या दप्तरात बसून निकालांच्या नकला मी हाताने उतरवल्या होत्या. सहा महिन्यांनी तो विधी-नियतकालिकात छापून आला, सरांच्या नावावर. पहिल्या पानाच्या तळटीपेत माझे आभार होते, मुद्रितं तपासल्याबद्दल! त्याच लेखावर सर विभागप्रमुख झाले.

आणि आता अर्जासोबत स्वतःच्या लेखनाचा नमुना द्यायचा होता. माझ्याकडे दाखवण्याजोगं तेवढंच होतं. ते जोडलं असतं तर तपासणीत मीच चोर ठरले असते.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. “अगं वा, परदेशी निघाली आमची विद्यार्थिनी! मसुदा तूच करून आण, मी सही ठोकतो.”

ही सरांची जुनी पद्धत. सगळ्यांची शिफारसपत्रं सगळ्यांनी स्वतःच लिहिलेली.

मी मसुदा केला. असत्य लिहायचं नाही, हा माझा रोजचा नेम. त्यामुळे स्वतःची स्तुती दोनच परिच्छेदांत संपली. तिसरा परिच्छेद असा: ‘नियतकालिकात माझ्या नावाने प्रसिद्ध झालेला “ऐकून न घेता दिलेला निकाल” हा लेख मूलतः हिचा शोधनिबंध आहे. संशोधन आणि लेखन संपूर्णपणे हिचे. हिचे नाव न देणे ही माझी चूक होती.’

विभागात गेले तेव्हा सर एका हाताने चहा पीत होते, दुसऱ्या हाताने हजेरीपत्रकांवर सह्या करत होते.

“सर, एकदा वाचून घ्या.”

“चांगलंच लिहिलं असशील. भाषा तुझी पहिल्यापासून बरी.”

“तिसरा परिच्छेद तरी वाचा, सर. त्यात लेखाबद्दल आहे.”

“लेखाचा उल्लेख केलास? शहाणी आहेस. आण इकडे.”

“सर, वाचल्याशिवाय...”

“अगं, मी काय आता तुझे पेपर तपासायला बसलोय? पेन दे.”

पेन मीच दिलं.

लेटरहेडच्या दोन्ही प्रतींवर झोकदार सही झाली. त्या मी कार्यालयातल्या ताईंकडे नेल्या. सरांच्या टपालापासून ईमेलपर्यंत सगळं त्याच बघतात. जावक क्रमांक घालण्याआधी त्या प्रत्येक कागद वाचतात. तिसऱ्या परिच्छेदाशी त्या थबकल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“सरांनी वाचलंय हे?”

“तीनदा म्हटलं, ताई. ‘पेन दे’ म्हणाले.”

“बरं बाई.” त्यांनी शिक्का जरा जोरातच मारला. एक प्रत कार्यालयाच्या फायलीत लावली, दुसरी स्कॅन करून विद्यापीठाने सरांना पाठवलेल्या लिंकवर चढवली. “इतकी वर्षं मी इथे आहे. हा पहिला खरा कागद.”

आता मी तोच शोधनिबंध नमुना म्हणून अर्जाला जोडला. तीन आठवड्यांनी विद्यापीठाने सरांना विचारलं: अर्जदाराचा नमुना आणि आपला प्रसिद्ध लेख एकच आहे. शिफारसपत्रातलं विधान आपलंच आहे, याची लेखी खात्री द्यावी.

पाच मिनिटांत माझा फोन वाजला.

“गळा कापलास माझा! मी कळवतो त्यांना, ही फसवणूक आहे म्हणून.”

“कळवा ना, सर. न वाचता सही केली, असंही त्यात लिहा. मी वाचा म्हणत होते, तेही. ताईंकडे प्रत आहे.”

“अगं, पण मी वाचलंच नव्हतं ते!”

“करार कायद्याचा तुमचा पहिलाच तास होता, सर,” मी हळूच म्हटलं. “फळ्यावर काय लिहिलं होतंत? सही करणाऱ्याला ‘मी वाचलं नव्हतं’ म्हणता येत नाही. मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं.”

“शिष्या म्हणायची का वैरीण?”

“तुम्ही मुद्रितं तपासणारी म्हणाला होतात.”

संध्याकाळी ताईंचा निरोप आला. सरांनी विद्यापीठाला एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं: ‘विधान माझेच आहे आणि खरे आहे.’ टाइप करताना तीनदा खोडलं म्हणे.

थोड्या वेळाने सरांचा फोन. आवाज पडलेला. “झालं समाधान? जा आता सुखाने.”

“जाईन की, सर.”

पुढच्या सकाळी जप झाला आणि मी पुन्हा लिहायला बसले.

‘आदरणीय सर, सादर प्रणाम. नियतकालिकाच्या संपादकांना लेखकाचे नाव दुरुस्त करण्याविषयी आपल्या सहीचे पत्र जावे, ही नम्र विनंती. आपल्या पद्धतीप्रमाणे मसुदा सोबत जोडला आहे. या वेळी कृपया वाचून सही करावी.’