कडक करार

करार कसा कडक पाहिजे, असं अण्णाप्पांनी एजंटला बजावलं होतं. मागच्या भाडेकरूने भिंतींची पार चाळण करून ठेवली, तेव्हापासून त्यांची माणसांपेक्षा कागदावर जास्त भिस्त. एजंट यशराजने एका तयार इंग्रजी मसुद्यात होती नव्हती ती सगळी कलमं कोंबली आणि छापलेला करार, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन घेऊन तो त्यांच्या राजारामपुरीतल्या घरी येऊन बसला.

वरच्या खोल्या भाड्याने घेणारी क्रांती हुपरीची. घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायची. ते काम इथं चालेल ना, हे आधी विचारून, अण्णाप्पांचा होकार घेऊनच तिने घर पक्कं केलं होतं. आता अंगठा द्यायच्या आधी ती म्हणाली, "काका, ह्यात काय लिवलंय ते मराठीत सांगा की."

नेहमीचंच आहे, असं यशराज पुटपुटला. पण अण्णाप्पांना चेव चढला. त्यांनी चष्मा पुसला. अकरा महिन्यांची मुदत, सोडायचं तर महिनाभर आधी कळवायचं, इथवर त्यांची गाडी झोकात चालली. मग आलं पाहुण्यांचं कलम. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कुणी मुक्कामाला राहायचं नाही. क्रांतीची सासू अधूनमधून येणार हे त्यांना ठाऊक होतं. समोर बसलेल्या पोरीला असलं कसं सांगायचं? "पावणं आलं तर सांगत जा," म्हणाले आणि पान उलटलं.

एवढ्या लांबलचक इंग्रजीचं एवढंसंच मराठी कसं, असं क्रांतीने विचारलं. दारात उभ्या असलेल्या अण्णाप्पांच्या बायकोला, पद्मावतीबाईंना, हसू आवरेना.

पुढचं कलम अण्णाप्पांनी मनातच दोनदा वाचलं. जागा फक्त राहण्यासाठी. आत कसलाही धंदा वा कारागिरी केल्यास मालक ती रिकामी करून घेऊ शकतो.

"माझं काम चालंल असं लिवलंय न्हवं?"

व्हय म्हटलं की संपलं. आपण थोडंच तिला काढणार होतो! पण उद्या घर आपल्या पोराच्या हातात जाणार, आणि पोराचं इंग्रजी चांगलं होतं. अण्णाप्पांना स्वतःचीच लाज वाटली.

"न्हाय पोरी. उलटंच हाय. काम केलंस तर तुला भाईर काढता येतंय."

क्रांतीने मशीनकडे नेलेला हात मागे घेतला. मग आपल्याला हे घर नको, असं तिने शांतपणे सांगितलं. घर तिला मनापासून आवडलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अण्णाप्पांनी कागद यशराजपुढे सरकवला आणि ते कलम काढायला सांगितलं. तो गोंधळला. कडक करा, असं तुम्हीच तर म्हणाला होता!

"म्हनलोतो की. पन मी तिला एक सांगितलं आनि कागद दुसरंच सांगाय लागला, तर तो माझा कागद कसला? पैंजणाचं काम चालंल, असं सरळ लिव. पावण्यांचं बी मी सांगितलं तेवढंच लिव. आनि सगळं मराठीत कर, म्हंजे मी काय बोललोय ते मला बी कळंल."

अंगठ्याचं मशीन बाजूला ठेवून यशराजने नवा मसुदा उघडला.