साच्यातला चेहरा

बायको गेल्यानंतर मूर्तिकार जेवायला उशिरा येऊ लागला, तेव्हा धाकट्या मुलीला वाटलं, कामं साठली असतील. घराच्या मागेच त्याची कार्यशाळा होती. बागेतले पुतळे, नाटकवाल्यांचे मुखवटे, कोणाच्या आजोबांचा अर्धपुतळा, असलं सगळं तिथे व्हायचं. हिशेब आणि गिऱ्हाइकं धाकटी सांभाळायची. एका संध्याकाळी ती त्याला हाक मारायला गेली, तर बाबा रिकाम्या हातानं इकडून तिकडे चालत होते. भिंतीपर्यंत जायचे, परत यायचे. आणि नजर सारखी समोरच्या भिंतीवर.

"बाबा, काय शोधताय?"

"काही नाही गं. ही वळते का ते बघतोय."

भिंतीवर आईच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा टांगलेला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुपारी कोणी मॉडेल मिळेना, म्हणून बाबांनी आईलाच बाकावर आडवं करून, चेहऱ्याला तेल चोपडून तो घेतला होता. प्लास्टर वाळत असताना आईला हसू आवरेना, त्यामुळे ओठाच्या कडेला एक सुरकुती आली ती आलीच. पुढे त्यात काही ओतायचं राहून गेलं. साचा फडताळामागे पडला, तो आई गेल्यावर सापडला. बाबांनी आतली, खोल बाजू बाहेर ठेवून तो टांगला होता.

धाकटी बाबांशेजारी जाऊन उभी राहिली. साचा पोकळ आहे हे तिला ठाऊक होतं, तरी भिंतीतून आईचा भरीव चेहरा बाहेर आलेला दिसत होता. डोळे मिटलेले. ती खिडकीकडे सरकली, तसा चेहरा खिडकीकडे वळला.

त्याच रात्री तिनं थोरलीला फोन केला. "ताई, तू ये. बाबांचं काही खरं नाही. आणि आता माझंही."

थोरली विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत होती. माणसाची नजर लांबी, रंग, हालचाल यांत कुठे फसते, ते मोजणं हेच तिचं काम. असले पोकळ मुखवटे ती दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवायची आणि त्यांची आ वासलेली तोंडं बघून हसायची. फोनवर ती म्हणाली, "अगं वेडे, साधा भास आहे तो. मी येऊन समजावते."

ती आली. बॅग दारातच ठेवून कार्यशाळेत शिरली, आणि आईनं तिच्याकडे तोंड केलं.

थोरली स्टुलावर बसली. समजावायला आली होती ती.

"वळली ना?" बाबांनी हळूच विचारलं.

"वळली." तिनं डोळे पुसले. "बाबा, हे का होतं सांगू?"

"सांग की. मी काही भूतबित म्हणत नाही. पण सांग."

"जन्मापासून आपण जेवढे चेहरे बघतो, ते सगळे बाहेर आलेले. नाक पुढे, कान मागे. त्यामुळे असा खोलगट चेहरा समोर आला की मेंदू ते मानायलाच तयार होत नाही. तो त्याला भरीव करून टाकतो. आता या साच्यात नाक खरं तर आत आहे, कानापेक्षा लांब. आपण चाललो की जवळचं आणि लांबचं कमीजास्त सरकतं. मेंदूनं तर नाक पुढे धरलंय. मग हे सरकणं जुळवायचं कसं? चेहराच आपल्या बाजूला वळतोय असं धरलं, तर जुळतं. म्हणून तसं दिसतं."

तिनं बाबांना एक डोळा झाकायला सांगितला. चेहरा आणखी भरीव झाला. मग साचा उलटा टांगला, हनुवटी वर. भास पुष्कळच ओसरला, कारण उलटे चेहरे बघायची सवय कोणाला असते? मग पुन्हा सुलटा करून ती म्हणाली, "आता दोन्ही डोळे उघडे ठेवून अगदी जवळ जा."

बाबा गेले. नाक साच्याला टेकेल इतके जवळ गेल्यावर चेहरा एकदम आत गेला. नुसता पांढरा खड्डा उरला. ते झटकन मागे सरले.

"तुला हे सगळं माहीत आहे," ते म्हणाले. "मग तुला तरी ती वळताना दिसत नाही ना?"

"दिसते."

"माहीत असूनही?"

"माहीत असूनही. डोक्यातला तो भाग माझं ऐकत नाही, बाबा."

बाबांना हे ऐकून बरं वाटलं, ते लपलं नाही. "मग राहू दे तशीच," म्हणाले.

धाकटी पुढे आली. "तुम्हा दोघांचं ठीक आहे. तुम्हाला लांबून पुरते. मी शेवटचं वर्षभर तिचं तोंड धुतलंय रोज. मला तिच्या गालाला हात लावायचाय. आणि हात लावायला जावं, तर ती आत जाते." तिनं तळहात साच्यात घातला आणि रडायलाच लागली. "ओता ना यात काहीतरी, बाबा."

ओतायचं म्हणजे काय, ते तिघांनाही ठाऊक होतं. आतला चेहरा सुटावा म्हणून वरचा साचा छिन्नीनं फोडून काढावा लागतो. रबर ओतून ओढलं असतं, तर इतक्या वर्षांचं ठिसूळ प्लास्टर नाकाशीच तुटलं असतं.

"नंतर पुतळ्यावरून दुसरा साचा घेता येईल," थोरली म्हणाली.

"येईल. पण तिच्या कातडीला लागलेला हाच," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी चहा घेऊन गेल्या, तर बाबांनी साचा बाकावर घेतला होता आणि चिकटू नये म्हणून आतून साबणाचं पाणी फिरवत होते. धाकटीकडे न बघता म्हणाले, "ती गेरूची डबी दे. पांढऱ्यात पांढरं ओतलं, तर छिन्नी कुठे थांबवायची ते कळणार नाही."

फिकट तांबूस प्लास्टर ओतलं. ते घट्ट होईपर्यंत तिघंही तिथेच थांबली. मग त्यांनी बोथट छिन्नी घेतली. पहिला घाव घातला. पांढऱ्या कपच्या उडत गेल्या. आधी कपाळाचा तांबूसपणा दिसला, मग भुवई, मग नाकाचा शेंडा. नाकाशी त्यांनी छिन्नी ठेवून दिली आणि नखानं उकरत राहिले.

चेहरा मोकळा झाल्यावर त्यांनी तो तिपाईवर उभा केला. धाकटीनं दोन्ही तळहातांत तो धरला. प्लास्टर अजून कोमट होतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली, मग बाजूला झाली.

बाबा नेहमीसारखे खिडकीकडे चालत गेले. चेहरा जागचा हलला नाही. तो समोरच्या कोऱ्या भिंतीकडेच राहिला. त्यांना आता तिचा एक गाल, कानाजवळची कड आणि अर्धीच हनुवटी दिसत होती. ते तिथेच थांबले.

थोरली जवळ आली. "बाबा, साचा घेऊ या परत? मी मदत करते."

"नको एवढ्यात." ते एकटक बघत होते. "ती अशी एका बाजूनं इतके दिवस दिसलीच नव्हती गं. जिकडे जावं तिकडे आपली समोरच. खरी ती इथे बसून काम करत असायची, तेव्हा मी आत आलो तरी मान वर करायची नाही. मी असाच उभा राहायचो इथे, कधी बघते म्हणून."

"मग बघायची?"

"कधी कधी," बाबा म्हणाले. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्या बाजूला, जरा मागेच, बसून राहिले.