लिंबाजीचा पाणाड्या खडा

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, पण नव्या जिल्ह्याला पाणी काही नवं आलं नव्हतं. त्या दुष्काळात औश्याकडचा लिंबाजी पाणाड्या फार भाव खाऊन होता. बोटात लसण्याची, मांजराच्या डोळ्यासारख्या खड्याची अंगठी. हात जमिनीवरून फिरवायचा आणि खड्यातली पांढरी रेघ हलली की म्हणायचा, "हितं मारा बोअर!"

एके दिवशी अंगठीतली खड्याची पकड ढिली झाली. गावात बोअरची गाडी येऊन उभी, म्हणून सरपंच बसवंत त्याला घेऊन थेट लातूरच्या सराफ्यात सौदामिनीबाईंच्या दुकानात आला. बाई सासऱ्यांच्या हाताखाली खडे पारखायला शिकलेल्या. जीभ मात्र माहेरची, गावरान अन् तिखट.

"बाई, खडा जपून. पाणी दिसलं की ह्याची रेघ पळती," बसवंत म्हणाला.

बाईंनी खडा सोडवून गादीवर ठेवला आणि वर दिवा धरला. दिवा डावीकडं नेला, रेघ सरकली. उजवीकडं नेला, परत फिरली.

"माझ्या गादीखाली हीर हाय का हो?"

बसवंतला ठसका लागला. लिंबाजी छताकडं बघू लागला.

"खऱ्या लसण्याच्या पोटात केसाहून बारीक सुया असतात, सगळ्या एका दिशेनं. वरून खडा घुमटासारखा घासतात. उजेड सुयांवरून परततो अन् सुयांना आडवी रेघ उमटते. दिवा हलला, नाहीतर हात हलला, की ती हलते. पाण्याचा काय संबंध?"

त्यांनी कपाटातला आपला लसण्या काढला, मधासारखा, जरा धुरकट. बाजूनं उजेड दिला तशी उजेडाकडची बाजू मधाळ राहिली, पलीकडची दुधाळ झाली. लिंबाजीच्या खड्यात असलं काही होईना. रेघ मात्र आखल्यासारखी लख्ख. बाईंनी तो भिंगाखाली आडवा धरला.

"बघा सरपंच."

बसवंतनं डोळा लावला. "मोहोळ दिसतंय की! बारीक बारीक घरं!"

"काचेचे धागे एकत्र वितळवलेत, त्यांची ती टोकं. काच हाय ही."

बसवंत भडकला. "अरे, मग आजवर पाणी लागलं कसं?"

लिंबाजीनं मान खाली घातली. "उंबर बघतो. वारुळं बघतो. जुन्या हिरी किती खोल, ते म्हाताऱ्यांस्नी इचारतो. चाळीस वर्सं हिरीच खांदल्या की."

"मग खडा कशाला रे?" बाईंनी विचारलं.

"झाडाकडं बघून सांगितलं तर चहा कोण पाजतंय, बाई?"

बाई इतक्या हसल्या की चष्मा निसटला. बसवंतला मात्र हसावं का मारावं, कळेना. शेवटी त्यानं लिंबाजीचं मनगट धरलं. "गाडी उभी हाय. चल, उंबर दाखव."

अंगठी दुकानातच राहिली. संध्याकाळी ओढ्याकाठच्या उंबरापासून वीस पावलांवर, दोनशे फूट खोल पाणी लागलं. धो धो नव्हे, पण गावाच्या घागरी भरतील एवढं. लिंबाजी चिखलात बसून दोन्ही हातांनी ते तोंडावर मारून घेत होता आणि बसवंत स्वतः त्याच्यासाठी चहा घेऊन उभा होता.