मालक मुंबईचा, झेंडा दुसऱ्याचा

आठ फेब्रुवारीला दुपारी मी शहाद्याच्या पाटबंधारे कार्यालयात होतो. मुंबईहून जहाज कंपनीचा फोन आला. भर समुद्रात लाइफबोटीची कवायत चालू असताना बोट तुटून पडली. आत माझी बायको रोहिणी होती. जहाजावरची थर्ड ऑफिसर. ती सापडली नाही.

आठवड्यानं कंपनीचं पत्र आलं. बोट अडकवायचा हूक रोहिणीनं नीट लावला नव्हता, असं त्यात होतं.

तिचा बॅचमेट दिनेश दुसऱ्या जहाजावर आहे. रोहिणीच्या जहाजावरच्या ओळखीच्यांकडून ऐकून त्यानं फोन केला, "ललितभाऊ, बोट टांगायची वायर गंजलेली होती म्हणतात. बदलायच्या आत ती जपून ठेवायला सांगा. लेखी कळवा, पण जहाजावर ज्याचा झेंडा आहे त्या देशाला."

झेंडा प्रशांत महासागरातल्या एका बेटांच्या देशाचा होता. मालक मुंबईचा.

सासरे उमाकांत पाटील चिडले. "जवाईबापू, जहाज मुंबईनं शे ना? मंग त्या बेटास्नं काय काम? खापर गावना माणूसनी गाडी गुजरातनी पासिंगनी ऱ्हास. अपघात व्हयना तर पोलीस कोणना दारशी येतस?"

मलाही ते पटलं. मी मुंबईला गेलो.

मालकाच्या ऑफिसात चहा मिळाला. "ललितराव, तुम्ही आपलीच माणसं आहात. आम्ही आतून चौकशी करतो," असं साहेब म्हणाले. मी विश्वास ठेवला. बेटांच्या देशाला एक ओळही लिहिली नाही.

दीड महिन्यानं त्या ऑफिसचं उत्तर आलं. जहाज आमचं नाही, असं. मी सरकारी जहाज खात्यात गेलो. तिथल्या आशा वळवी बाईंनी कागद पाहिले.

"कागदोपत्री मालक त्या बेटावरची एक कंपनी आहे. तिच्याकडं हे एकच जहाज. त्या कंपनीचे शेअर मुंबईवाल्यांचे."

"मग जहाज भारताचं नाही?"

"जिथं नोंदणी, तिथला झेंडा. तो देश परक्यांचीही जहाजं नोंदवतो. कर कमी, नियम मालकांना सोयीचे. भर समुद्रात जहाजावर त्याच देशाचा कायदा, चौकशीही त्यानंच करायची. आपण सहभाग मागू शकतो. पण आधी सांगा, वायर कुठं आहे?"

मी तिथूनच दिनेशला फोन लावला. वायर पुढच्या बंदरात भंगारात गेली होती. नवी बसवून जहाज कधीच निघालं होतं.

"तुम्ही पहिल्या दिवशी आला असता तर," एवढंच बाई म्हणाल्या.

सासऱ्यांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "जहाजले गाडी समजी ऱ्हायनू मी." मीही तेच समजलो होतो. शिकलेला मी होतो.

बेटांच्या देशाचा अहवाल नोव्हेंबरात आला. तीन पानं. वायर उपलब्ध नाही, कंपनीच्या माहितीनुसार चूक अधिकाऱ्याची, असं लिहिलंय. फेरचौकशीचा अर्ज मी केला आहे. त्याला उत्तर आलेलं नाही. चूक अजून रोहिणीच्याच नावावर आहे.