श्वासांचा रकाना

नेत्राने हरिचंद्रकाकांचं मनगट अजून सोडलं नव्हतं. नाडी केव्हाच मोजून झाली होती. पण आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस नकळत तो बदलतो. म्हणून नाडीच बघत असल्यासारखं करायचं आणि नजर छातीवरच्या चादरीवर ठेवायची. घड्याळाच्या सेकंदकाट्याने पूर्ण फेरी घेतली. अठ्ठावीस.

तिने पुन्हा मोजलं. अठ्ठावीसच.

रात्रीचे दोन वाजले होते. कॅम्प तीन या वस्तीतल्या त्या रुग्णालयासमोर जीन्सच्या कारखान्याची मशिनं अजून चालू होती. बदलापूरकडच्या गावातले हरिचंद्रकाका, प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन आज तिसरा दिवस. नाडी ब्याऐंशी, वरचं बीपी एकशे बारा, ताप नाही, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर पंच्याण्णव. कागदावर माणूस ठीक होता.

"काका, कुठे आहात तुम्ही?"

काल याच प्रश्नाला ते थट्टेने म्हणाले होते, "सासुरवाडीला आलोय, चहा आण गो." आज ते तिच्याकडे नुसते पाहत राहिले.

"दवाखान्यान," बऱ्याच वेळाने ते म्हणाले आणि चादरीचं टोक चिमटीत ओढू लागले.

तिने त्यांचं नख दाबून सोडलं. गुलाबी रंग परतायला चार सेकंद लागले; दोनच्या आत यायला हवा होता. गुडघे गार होते. लघवीच्या पिशवीत दहा वाजल्यापासून जेमतेम साठ मिली, तीही गढूळ. बोट टोचून साखर पाहिली. एकशे सेहेचाळीस; म्हणजे साखर उतरल्यामुळे हे होत नव्हतं.

खाली चटईवर त्यांच्या पत्नी वेणूकाकू उठून बसल्या. "संध्याकाळपास्नं गप हायेत. थकले असतील म्हणून मीबी बोलले नाय."

नेत्राने तक्ता उघडला. श्वासांच्या रकान्यात तीन दिवस एकच आकडा होता. वीस, वीस, वीस. शेवटचा, दहा वाजताचा वीस तिच्याच अक्षरात. तेव्हा सहा पेशंट बाकी होते. तो रकाना न मोजता भरायचा असतो, हे ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षी वॉर्डातच शिकली होती.

टेबलाशी यशोधरा सिस्टर गोल वळणदार अक्षरात औषधांच्या नोंदी करत होत्या. त्यांनी मान वर न करता सगळं ऐकून घेतलं.

"इन्फेक्शन असतं तर पल्स धावली असती, बाई."

"ते बीपीसाठी अटेनोलॉल घेतात, सिस्टर. त्या गोळीने नाडी धावत नाही. आणि एरवी त्यांचं बीपी दीडशेच्या खाली येत नाही."

"मागच्या आठवड्यात पण गुरुदत्त सरांना उठवलंस. काय निघालं? गॅस!"

"हो."

"आज ओरडले तर तुझ्या नावावर हां."

"चालेल. पण आधी एक मिनिट माझ्याबरोबर मोजा."

सिस्टर उठल्या. पलंगाशी उभं राहून त्यांनी मोजलं. मिनिट संपल्यावर त्या सरळ फोनकडे गेल्या. आकडे सांगितले. पलीकडचा गुरुदत्त डॉक्टरांचा झोपाळलेला आवाज नेत्रालाही ऐकू येत होता.

"दहाला वीस होता ना? मग दुखत असेल. पेनकिलर द्या, तासाभराने परत मोजा."

नेत्राने हात पुढे केला. सिस्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि फोन दिला.

"सर, नेत्रा बोलतेय, थर्ड इयर. दहाचा वीस खरा नाही. मी लिहिला, पण मोजला नव्हता."



"म्हणजे कधीपासून वाढलाय, कोणालाच माहीत नाही?"

"नाही, सर. पण काकू म्हणतात, संध्याकाळपासून बोलणं कमी झालंय."

"येतो. सलाइनसाठी दुसरी सुई लावून ठेवा."

पाच मिनिटांत ते आले. तपासणीसाठी रक्त घेतलं, लगेच सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू केलं. आयसीयूतल्या मशिनवर रक्तातलं लॅक्टेट तीन पूर्णांक आठ आलं; ते दोनच्या आत हवं. ते वाचून त्यांनी ओठ आवळले आणि वेणूकाकूंसमोर खाली बसले.

"काकू, लघवीतलं इन्फेक्शन रक्तात उतरतंय. लवकर कळलंय. पण आत्ताच खात्री देत नाही."

तीन वीसला स्ट्रेचर आयसीयूत गेलं. जाताना डॉक्टर नेत्राला एवढंच म्हणाले, "यापुढे मोजत जा."

पाच वाजता आयसीयूतून फोन आला. बीपी टिकून होतं, पिशवीत लघवी येऊ लागली होती. नेत्राने फाइलची वॉर्डातली प्रत पुढे ओढली. दहा वाजताच्या विसावर एकच आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'मोजला नव्हता'. मग आत्ताची वेळ आणि सही.

सिस्टर शेजारी उभ्या होत्या.

"ट्यूटर मॅडम हे बघतील. लॉगबुकात शेरा येईल. माहीत आहे ना?"

"हो."

सिस्टर तक्त्यावर वाकल्या. काही ओळी वर, आदल्या रात्रीच्या दोनच्या रकान्यात, गोल वळणदार अक्षरात आणखी एक वीस होता. त्या बराच वेळ तो बघत राहिल्या. बाहेरची मशिनं एव्हाना थांबली होती.

मग त्यांनी नेत्रापुढे हात केला.

"पेन दे."