रितं जातं

रित्या जात्याला, लेकी, फिरवू नये गं पहाटी
दगड दगडाला खाई, पीठ येईना गं ताटी

मुखेडला, माहेरी, आई दळताना म्हणायची. ओवी संपली की अंथरुणातल्या नागम्माच्या हातावर भाकरीचा कोरका ठेवायची. “आधी हे चाव. मग ऊठ.” आई जाऊन किती पावसाळे कोरडे गेले, पण तो आवाज पहाटे नागम्माला अजून ऐकू यायचा.

सासर निलंग्याकडचं. लातूर नवा जिल्हा झाला होता, एस.टी.च्या पाट्या नव्यानं रंगल्या होत्या, पण विहिरीला पाणी आलं नव्हतं. पाणी टँकरचं, आणि टँकर यायचा ऊन माथ्याकडं सरकल्यावर. घर लिंगायत, रीत अशी की अंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय अन्न तोंडी लावायचं न्हाई, चहासुद्धा न्हाई. आधी पाणी, मग पूजा, मग भाकर. सासू गुरम्मा पहाटेच घागरीच्या बुडातल्या तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकायची. सुनेच्या वाट्याला टँकरची वाट.

एके सकाळी नागम्मा अंगणात वाकली आणि ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं, कडू पाणी पडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गुरम्मानं पाठीवर हात ठेवला आणि कानाशी विचारलं, “पोरी, लई दिवसांनी ऐकलं का देवानं?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या घरी बाईचा विटाळ कुणी पाळत नसे. पाळीच्या दिवसांतही नागम्मा चुलीशी असायची, पूजेलाही बसायची. म्हणून चारच दिवसांपूर्वी पाळी येऊन गेली ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पाठीवरून हात फिरत होता. असा हात फिरून किती वर्षं झाली होती! नागम्मानं नुसती मान खाली घातली.

दुसऱ्या पहाटे अंधारातच गुरम्मा उशाशी येऊन बसली. हातात ज्वारीची वाळकी भाकर.

“खा.”

“आत्याबाई, पूजा?”

“लिंगदेवाला लेकराची भूक कळती. रागावला तर माझ्यावर रागावंल. खा म्हनते न्हवं!”

नागम्मानं पडल्या पडल्या कोरका चावला. डोळे भरून आले ते भाकरीनं की अंधारात बसलेल्या त्या आकृतीनं, तिचं तिलाच उमगलं नाही.

त्या दिवशी मळमळ झाली नाही. पुढेही नाही. नागम्मा हसतमुख झाली आणि गुरम्माचा चेहरा मात्र उतरत गेला. नर्स सिंधुबाई गावात फेरीला आल्या तशी तिनं त्यांना दारातच गाठलं.

“बाई, हिच्या उलट्या थांबल्या. पोटातलं सुखरूप हाय न्हवं?”

“पहाटे खायला देता ना? मग थांबणारच,” सिंधुबाई ओट्यावर टेकल्या. “पोटात आम्ल तयार होतं, अन्न जिरवायला. रात्रभर पोट रिकामं, वर दुपारपर्यंत उपाशी. जिरवायला काही नाही, मग ते आम्ल पोटाच्या अस्तरालाच झोंबतं. कधी आतड्यातलं पित्त वर चढतं. रक्तातली साखरही उतरलेली असते. म्हणून मळमळतं, गरगरतं. दिवस गेलेल्या बाईला जास्त होतं, पण नुसत्या उपाशी माणसालाही होतं.” मग नागम्माकडं वळून विचारलं, “पाळी कधी आली होती?”

“ध्यानात न्हाई,” नागम्मा पुटपुटली.

“बरं. पुढच्या खेपेला तपासू.”

दगड दगडाला खाई. आईला आम्ल ठाऊक नव्हतं, जातं ठाऊक होतं.

गुरम्माच्या मनातली भीती काही गेली नाही. “उलट्या थांबल्या की गर्भ सुटतो, आमची आई म्हनायची,” ती म्हणाली, आणि नातवासाठी नेम धरून तिनं रातचं जेवण सोडलं. दिवसाकाठी दुपारची एकच भाकर. नागम्मानं ताट पुढं सरकवलं की म्हणे, “तू खा गं. माझं काय, म्हातारीचं पोट, चिमणीएवढं.”

दोन-तीन रात्री अशाच गेल्या. मग एका पहाटे उशाशी भाकर आली नाही. परसाकडून घशातून ओढून काढल्यासारखा आवाज आला. नागम्मा धावली. गुरम्मा भिंतीला धरून वाकली होती. तोंडातून तेच पिवळं, कडू पाणी गळत होतं.

“आगं, काही न्हाई,” ती धापा टाकत हसली. “मलाबी दिवस गेले बघ!”

नागम्माला हसू आलं नाही. तिनं सासूला ओट्यावर बसवलं, शिंक्यातली भाकर काढली, कोरका मोडला आणि तिच्या ओठांशी धरला.

“खावा.”

“माझा नेम हाय, पोरी. तुझ्या लेकरासाठी.”

 खरं सांगून हा कोरका खाऊ घातला की पहाटेचं ते उशाशी बसणं जाणार होतं, पाठीवरचा हातही. तरी तिनं हात मागं घेतला नाही.

“खावा, आत्याबाई. लेकरू न्हाई. तुम्ही पाठीवर हात ठिवला त्याच्या आधीच मला पाळी येऊन गेली व्हती. मी उपाशी व्हते, नुसती उपाशी. तुमचा हात निघून जाईल म्हनून बोलले न्हाई.”