नंदाबाईंच्या खोलीची दुसरी खिडकी

राजेश्वरीने सविताचं काही वाकडं केलं नव्हतं. केलं असतं तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. पण ती पोरगी सकाळी येऊन "सविताताई, चहा घेणार?" असं विचारायची, आणि सविताच्या पोटात दुखायला लागायचं. सरळ सांगायचं तर जळायची ती. चांगली धगधगून जळायची.

लोणावळ्यातल्या संदेशभाऊंच्या इंटिरियरच्या ऑफिसात सविताला चौदा वर्षं झाली होती. खोली बघायची, टेपने मापं घ्यायची आणि बसून हाताने व्ह्यू काढायचा, म्हणजे सजल्यावर खोली कशी दिसेल त्याचं चित्र. पडद्याची चूणसुद्धा पेन्सिलने. एका व्ह्यूला दोन दिवस लागत. लोक म्हणायचे, "वा, काय हात आहे!" मग ही राजेश्वरी आली, वय वर्षं चोवीस. खोलीचा फोटो कॉम्प्युटरला द्यायची, चार ओळी लिहायची आणि चहा निवायच्या आत तीच खोली नवीन फर्निचरसकट तयार. भिंती तिथल्या तिथे, खिडक्या तिथल्या तिथे. आता लोक तिच्या खुर्चीमागे उभे राहून "वा" म्हणायला लागले होते.

"तो कॉम्प्युटर भिंती कशा हलवत नाही गं?" सविताने एकदा न राहवून विचारलं होतं.

"फोटोतून आधी तो नुसत्या रेषा काढतो, ताई. कडा कुठे, कोपरे कुठे. आणि कुठली वस्तू जवळ, कुठली लांब, त्याचाही एक नकाशा करतो. नवीन चित्र त्या सांगाड्याला धरूनच भरायचं. आणि खिडकीवर मी असा माऊसचा ठिपका फिरवला, की तेवढी जागा मूळ फोटोतलीच राहते." मग हसून म्हणाली, "फक्त आरशाला फसतो. आरशातलं लांबचं त्याला खरंच लांब वाटतं."

हे सविताने लक्षात ठेवलं. मुद्दाम नव्हे, पण ठेवलं.

श्रावणात भाजे गावातलं एक काम आलं. नंदाबाईंना शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी घरातली मागची खोली सजवून हवी होती. संदेशभाऊ म्हणाले, "दोघींनी चित्र करा. बाईंना जिचं आवडेल तिने ते काम करायचं, आणि इथून पुढे मावळातल्या गावांकडची सगळी कामं तिनेच." बोलले असे, जणू केळीची फणी वाटतायत! सविताला त्या रात्री झोप लागली नाही. गावांकडची कामं गेली, तर ऑफिसात तिने करायचं काय? पोरीला चहा करून द्यायचा?

मापं घ्यायला सविताच गेली, फोटोही तिनेच आणायचे होते. निघताना राजेश्वरी मागून ओरडली, "ताई, आरसा असेल तर उतरवा हं, नाहीतर चादर टाका!"

आरसा होता. चांगला पुरुषभर, सागवानी चौकटीतला, मागच्या भिंतीवर. समोरच्या खिडकीतलं भातखाचर त्यात असं हिरवंगार दिसत होतं की सविता स्वतः क्षणभर थबकली. चादर पलंगावरच होती. सविताने तिच्याकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं आणि फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाली, "ताई, खिडक्या दोन ना?"

"दिसतायत ना?" सविता म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करत बसली.

रविवारी दोघी भाज्याला गेल्या. सविताचा व्ह्यू नंदाबाईंनी आधी पाहिला, "ब्येस हाय" म्हणाल्या. मग राजेश्वरीने टॅब पुढे केला. बांबूचे दिवे, पांढरा पलंग, कोपऱ्यात वेताची खुर्ची, आणि मागच्या भिंतीत एक उंच खिडकी. नंदाबाईंचं बोट तिथेच थांबलं.

"ह्यी खिडकी कुटनं आली? आमच्या खोलीला येकच हाय. तितं तर माजा आरसा टांगलाय. आन् ह्ये खाचर समोरचंच हाय की, उलटं पडलंय!"

झालं! सविताला आतून इतकं गार वाटलं म्हणून सांगू. आता बस म्हणावं, पोरी, तुझ्या यंत्राला घेऊन. राजेश्वरीने आरसा पाहिला, मग सविताकडे पाहिलं. आता ही सांगणार, ताईंना विचारलं होतं म्हणून. सविताने उत्तर तयार ठेवलं.

"चूक माझी आहे, मावशी," राजेश्वरी म्हणाली. "मी स्वतः येऊन बघायला हवं होतं. यंत्राला आरसा खिडकी वाटला."

पण नंदाबाईंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्या आरशाच्या भिंतीपाशी गेल्या, बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं. "घर बांदलं तवा मागं गोठा हुता. म्हून खिडकी ठिवली न्हाई. गोठा जाऊन आठ वर्सं झाली. हिच्या पल्याड अख्खा विसापूर किल्ला हाय बाई, सकाळचं ऊन पडलं की लय देखना दिसतो. माज्या कदी डोस्क्यातच आलं न्हाई." टॅब छातीशी धरून त्या वळल्या. डोळे असे चमकत होते की सविताला बघवेना. "ह्ये असंच करायचं मला. फोडता यील का भित?"

"ते मला नाही सांगता येणार," राजेश्वरी म्हणाली. "ताईंनी घर नीट पाहिलंय."

सविताने पाहिलं होतं. चार कोपऱ्यांत चार कॉलम, वर बीम. स्लॅबचा सगळा भार त्यांच्यावर. मधली भिंत म्हणजे नुसती विटांची भर. गवंड्याला दोन दिवसांचं काम, वर एक लिंटल, म्हणजे आडवी काँक्रीटची पट्टी, टाकला की खिडकी तयार. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आणि सांगितलं की संपलं. तिनेच खोडसाळपणाने टाकलेली खिडकी त्या पोरीला भाजेही देणार होती आणि सगळं मावळही.

"नाही मावशी," ती म्हणाली. "त्या भिंतीवर भार आहे. फोडली तर स्लॅबला तडा जाईल."

नंदाबाईंनी परत एकदाही विचारलं नाही. "व्हय का," एवढंच म्हणाल्या आणि टॅब परत दिला. राजेश्वरीने तिथेच बसून फोटोतल्या आरशाच्या जागी भिंत भरली आणि चित्र पुन्हा केलं. एकच खिडकी, बाकी सगळं तसंच. छान होतं. पण नंदाबाईंनी ते धड पाहिलंही नाही.

"सविताबाई, तुमीच करा काम," त्या म्हणाल्या. "तुमाला घर कळतं. तुमी हुता म्हून बरं, न्हाईतर मी उद्याच गवंडी बोलावला असता."

काम मिळालं. मावळ मिळालं. दोघी मळवली स्टेशनकडे चालत निघाल्या तरी सविताला काही आनंद होईना, आणि होत नाही म्हणून तिला आणखीच राग आला.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?" राजेश्वरी म्हणाली. "तुम्ही काढलेल्या फोटोत कोपऱ्यांत कॉलम दिसत होते. मला वाटायचं, कॉलम असले की भार त्यांच्यावर असतो, भिंतीवर नसतो. माझं चुकतच असणार. भिंतीवर भार आहे हे कसं ओळखायचं, मला शिकवाल?"

सविताने तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथे टोमणा आहे का, हे तिने शोध शोध शोधलं. नव्हता. खरंच शिकायचं होतं त्या पोरीला.

"शिकवीन," सविता म्हणाली, आणि पुढे स्टेशनपर्यंत तिला मान वर करता आली नाही.